वर्क प्रोफाइल थांबवावे, की प्रत्येक ॲपची शांत वेळ लावावी?

कंपनीने तुमच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल बसवून दिले असेल आणि ब्रीफकेसचे छोटे चिन्ह असलेली ॲप्स वेगळ्या टॅबमध्ये दिसत असतील, तर ड्युटी सुटल्यावर ऑफिसच्या सूचना बंद ठेवायला तीन वाटा आहेत. एक फोनचा डू नॉट डिस्टर्ब, दुसरी प्रत्येक ॲपमधली शांत वेळ, आणि तिसरी आख्खे प्रोफाइलच थांबवून ठेवायची. मी वेर्ण्याच्या वसाहतीत नोकरी करतो, राहतो फोंड्याला, आणि तिन्ही वाटांनी जाऊन आलो आहे.

डू नॉट डिस्टर्बबद्दल फार लिहीत नाही. तो फोनभर लागतो, ऑफिस आणि घर असा भेद तो स्वतःहून करत नाही. जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की आमच्या ग्रुपवर संध्याकाळी निरोप येतो, की आज मंडपात नको, शाळेच्या हॉलमध्ये जमा. तो निरोप वेळेवर कळायलाच हवा. आता महत्त्वाच्या माणसांना, ठरावीक ॲप्सना आणि एखाद्या ग्रुपलासुद्धा अपवादात टाकता येते, हे खरे. पण हिशेब उलटा होतो. गप्प करायची असतात ऑफिसची चार ॲप्स, आणि त्यासाठी बाकी सगळ्यांना एकेक करून परवानगी देत बसायचे. बँकेचे नवे ॲप घेतले की पुन्हा यादी उघडा. रात्री झोपताना ही सोय उत्तम. संध्याकाळी सहा ते दहासाठी मला ती पटली नाही.

खरी तुलना उरलेल्या दोघांतच आहे. ॲपमधली शांत वेळ मी बरेच महिने वापरली आणि तिच्यात सोयी आहेत. टीम्समध्ये, आउटलुकमध्ये, स्लॅकमध्ये वार आणि तास ठरवून देता येतात. शनिवारी अर्धा दिवस असेल तर काही ॲप्समध्ये तसे वेगळे लावता येते. शिवाय ॲप बंद पडत नाही, फक्त वाजत नाही. आपण होऊन उघडले तर सगळे समोर असते. ज्याला मधूनच एखादे मेल बघायचे असते त्याला हे सोयीचे पडेल.

माझे बिनसले ते कॅलेंडरवर. आमच्या परदेशातल्या टीमची दुपार म्हणजे आपली रात्र. मीटिंग ते त्यांच्या सोयीने साडेनऊला ठेवतात. मी त्या मीटिंगला नसलो तरी निमंत्रण सगळ्यांना जाते. मेलचे ॲप शांत, चॅटचे ॲप शांत, आणि सव्वानऊला कॅलेंडरचे ॲप ठणठणीत वाजायचे, कारण आठवण ते देते आणि त्याला बाकीच्यांच्या शांत वेळेची काहीच कल्पना नसते. त्याच्या सूचना कायमच्या बंद कराव्यात तर सकाळच्या मीटिंगची आठवणही गेली. मग हजेरीचे ॲप, मग कंपनीच्या बातम्यांचे ॲप. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे, काहींना तर शांत वेळ हा प्रकारच नाही. मेलमध्ये पुन्हा साइन-इन करावे लागले की लावलेली वेळ शाबूत आहे ना, हेही मी तपासायला लागलो होतो. एखाद-दुसरे ॲप वापरणाऱ्याला हा त्रास कदाचित जाणवणार नाही. मला रोज जाणवायचा.

प्रोफाइल थांबवले की हा प्रश्नच राहत नाही. वरून पडदा खाली ओढा, ब्रीफकेसची `Work apps` ही टाइल दाबा, किंवा ॲप्सच्या यादीत वर्क टॅबमध्ये जाऊन तिथले थांबवायचे बटण दाबा. टाइल दिसत नसेल तर पडद्यावरच्या पेन्सिलच्या चिन्हातून ती आणून बसवता येते. फोनाफोनांत नावे थोडी बदलतात. दाबल्याबरोबर ऑफिसची सगळी ॲप्स करडी पडतात आणि आलेल्या सूचनाही निघून जातात. इथे ॲप्स गप्प होत नाहीत, चालायचीच थांबतात, म्हणून कॅलेंडरही आपोआप त्यात आले. घरच्या बाजूचे व्हॉट्सॲप, एसएमएस, फोन कॉल यांना धक्काही लागत नाही. करड्या ॲपवर चुकून बोट पडले तर ते थेट उघडत नाही, आधी सुरू करू का असे विचारते. माझ्यासारख्याला तेवढी अडवणूक फार उपयोगी पडते.

थांबवूनही ऑफिसची सूचना आलीच, तर तिच्यावर ब्रीफकेस आहे का ते बघा. नसेल तर ते खाते कधीतरी घरच्या बाजूच्या मेलमध्ये किंवा कॅलेंडरमध्येही जोडले गेले आहे. तिथून काढून टाकले की झाले. सगळे काढल्यावर आपल्या खाजगी पत्त्यावरून ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल टाकून बघावे.

काही गोष्टी मात्र आधीच माहीत असलेल्या बऱ्या. लॉगिनला मंजुरी देणारे ऑथेंटिकेटर ॲप वर्क प्रोफाइलमध्येच असेल, तर रात्री लॅपटॉप उघडल्यावर मंजुरीची सूचना येणार नाही. आधी प्रोफाइल सुरू करावे लागेल. टीम्सवरचे कॉलही येत नाहीत. म्हणून मी साहेबांना सांगून ठेवले आहे, की प्लांटमध्ये खरेच काही अडले तर साधा फोन लावा. तो वाजतो. फक्त त्यांचा नंबर घरच्या संपर्कांत सेव्ह करा, नाहीतर प्रोफाइल थांबलेले असताना नाव न दिसता नुसता नंबर येतो. आणि ऑफिसचा ग्रुप तुमच्या खाजगी व्हॉट्सॲपवर असेल तर त्याला यातले काहीच लागू नाही, तो तिथेच म्यूट करावा लागेल.

सकाळचे लक्षात ठेवायचे म्हणजे, प्रोफाइल सुरू केल्याशिवाय नऊच्या मीटिंगची आठवण वाजत नाही. काही फोनांवर सुरू-बंदचे वेळापत्रक लावता येते. सेटिंग्जमध्ये वर्क प्रोफाइलच्या किंवा डिजिटल वेलबीइंगच्या पानावर शोधा. मी हातानेच करतो, गाडी काढण्याआधी. प्रोफाइलला वेगळा पिन असेल तर तो विचारतो, मग काही मिनिटे रात्रभराची मेल्स एकदम येऊन पडतात. सूचना येत राहतात तोवर चहा घ्यावा.

कॉल ड्युटीवर असणाऱ्याने, किंवा ज्याचे एकच ऑफिस ॲप आहे त्याने, शांत वेळ लावणे जास्त सोयीचे, असे मला वाटते. बाकीच्यांना मी प्रोफाइल थांबवायलाच सांगेन.

फोन कंपनीने दिलेला असेल तर चवथीच्या सुट्टीआधी एकदा आयटीवाल्यांना विचारून घ्या. अँड्रॉइड 11 पासून कंपनीच्या मालकीच्या फोनवर प्रोफाइल किती काळ बंद ठेवता येईल याची मर्यादा त्यांना घालता येते. ती 72 तासांपेक्षा कमी ठेवता येत नाही, पण घातलेली मर्यादा उलटली तर प्रोफाइल पुन्हा सुरू करेपर्यंत तुमची खाजगी ॲप्स अडकून पडतात. पाच दिवसांचा गणपती असेल तर मध्ये एकदा, तिसऱ्या दिवसाच्या आत, प्रोफाइल सुरू करून पुन्हा थांबवावे. फोन तुमचा स्वतःचा असेल तर ही मर्यादा लागू होत नाही.