इन्सुलिन सुरू करताना: पेन की शिशी-सिरिंज?

आमच्या नागपुरातल्या दुकानात परवा महालातल्या एक काकू आल्या. वय 71, मोतीबिंदूचं एकच ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी 30/70 मिक्स इन्सुलिन लिहून दिलं होतं, सकाळी 10 युनिट आणि रात्री 6. म्हणाल्या, "शिशी स्वस्त आहे ना, मग पेन कशाला?" हेच औषध दोन्हींत मिळतं, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

आधी पैशाचा हिशेब. शिशी 10 मिलिलिटरची असते आणि तिच्यावर 40, म्हणजे दर मिलिलिटरला 40 युनिट, असं लिहिलेलं असेल तर तिच्यात 400 युनिट असतात. काकूंना दिवसाला 16 लागतात, म्हणजे ती 25 दिवस पुरते. पेनमध्ये 300 युनिट. पण पेनने दर वेळी टोचण्याआधी 2 युनिट हवेत सोडावे लागतात, म्हणून रोजचे 20 होतात आणि पेन 15 दिवसांत संपतं. शिवाय सुया वेगळ्या. खर्चात शिशीच जिंकते, हे मी लपवत नाही.

पण सिरिंजवरच्या बारीक रेघा काकूंना दिसत नव्हत्या. मी हातात दिली तर 10 च्या जागी त्यांनी 14 वर दट्ट्या थांबवला. पेनचा आकडा खिडकीत दिसतो आणि फिरवताना टकटक ऐकूही येतं. घरात रोज दोन्ही वेळा भरून देणारं कोणी असेल तर शिशी घ्या. स्वतःच टोचायचं असेल आणि नजर अधू असेल, तर माझं मत पेनचंच.

एक धोका मात्र दोन्हींच्या मधोमध बसलाय. पेनमधलं इन्सुलिन 100 चं असतं, शिशी बहुधा 40 ची. पेन अडकलं म्हणून कोणी लाल टोपणाच्या 40 च्या सिरिंजने त्यातलं औषध ओढलं, तर 10 च्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये 25 युनिट जातात. साखर धाडकन उतरते. पेनमधून सिरिंजने कधीच ओढायचं नाही, आणि शिशीसाठी सिरिंज घेताना दोन्हींवरचा आकडा जुळवून पाहायचा.

पेन टोचायची रीत मी काकूंना दुकानातच दाखवली. हात धुवून पेनवरचं नाव आणि तारीख वाचायची. हे दुधासारखं गढूळ इन्सुलिन आहे, तळाशी बसतं. म्हणून पेन तळव्यांमध्ये दहा वेळा घोळायचं, मग दहा वेळा हळूच वर-खाली करायचं, जोरात हलवायचं नाही. सगळं एकसारखं पांढरं दिसलं पाहिजे. गुठळ्या दिसल्या तर पेन टाकून द्यायचं. नवी सुई लावून 2 युनिट फिरवायचे, टोक वर धरून दाबायचं. थेंब आला नाही तर पुन्हा. मग 10 लावून बेंबीपासून चार बोटं दूर, सुई सरळ आत, बटण शून्यापर्यंत दाबायचं आणि दहापर्यंत मोजून मगच बाहेर काढायची. काकूंनी पाचाला काढली, तर सुईच्या टोकावर थेंब लोंबत होता. तेवढं औषध गेलंच नाही. सुई लगेच काढून जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायची. लावून ठेवली तर हवा आत शिरते. जागा रोज बदलायची, नाहीतर गाठ होते.

ठेवण्याच्या बाबतीत दोघांची गत सारखीच. न उघडलेलं फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलं की वाया गेलं, वितळलं तरी. उघडलेलं 30 अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं, नेमके दिवस खोक्यावर असतात. आता आपल्याकडे मे महिन्यात 45 पार जातं, कूलरची खोलीही 30 वर असते. अशा दिवसांत वापरातलं पेन सुई काढून फ्रीजच्या दारात ठेवा आणि टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, म्हणजे चुरचुरणार नाही. स्कूटरच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवलं तर खराब झालेलं डोळ्यांना दिसेलच असं नाही. साखर उगाच वाढत राहिली की तिथे शंका घ्या.

राहिला डोस चुकला तर. हे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, आणि त्यानंतर जेवायचंच असतं. जेवण झाल्याझाल्या आठवलं तर किती घ्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. दोन-तीन तास उलटले असतील तर ती वेळ सोडा, साखर तपासा, पुढचा डोस ठरल्या वेळी ठरला तेवढाच घ्या. दोन्ही एकत्र कधीच नाही. साखर 300 वर गेली किंवा उलट्या लागल्या तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना गाठा. आणि घाम फुटला, हात थरथरले, साखर 70 च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची.

काकूंनी विचारलं, "घेतलं की नाही तेच आठवलं नाही तर?" तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही, तपासायचं. त्यांनी कॅलेंडरच्या रोजच्या चौकटीत सकाळची आणि रात्रीची अशा दोन रेघा मारायचं ठरवलं. पेन सोबत नेलं, आणि सुनेला पुढच्या रविवारी शिकायला घेऊन येते म्हणाल्या.