दिवाळीत घेतलेला टीव्ही, उन्हाळा काढल्यानंतर

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर. मागच्या दिवाळीआधी टीव्ही घ्यायचं ठरलं, तेव्हा महाराणी रोडला जाण्यापूर्वी आम्ही घरातल्या गरजा कागदावर उतरवून त्यांना क्रमांक दिले. किमती मात्र 22 सप्टेंबर 2025 नंतरच्याच धरल्या, कारण 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी तेव्हा 28 वरून 18 टक्क्यांवर आला.

पहिला क्रमांक सासूबाईंचा. त्या दुपारी मालिका बघतात, समोरच्या खिडकीतून ऊन येतं आणि त्या बसतात बाजूच्या दिवाणावर. दुसरी गरज, संवाद स्पष्ट ऐकू यावेत. तिसरी क्रिकेट, चौथी मुलाचे गेम.

मग प्रत्येक गरजेपुढे लिहिलं, ही कितीला भागते? खरा उलगडा इथे झाला. बाजूने रंग नीट दिसणं किमतीवर नव्हे, पॅनेलच्या जातीवर ठरतं. आयपीएस पॅनेल स्वस्तातही मिळतं, आणि महागातलं व्हीए बाजूने बघितलं की फिकं पडतं. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं, म्हणून दुकानात चालू टीव्हीच्या कडेला उभं राहून माणसांचे चेहरे बघायचे. आवाजाचंही तसंच. सडपातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, दहा हजार जास्त मोजले तरी संवाद फारसे उठत नाहीत. ते पैसे साउंडबारसाठी वेगळे काढले.

किमतीबरोबर खरोखर वाढणाऱ्या गोष्टी दोनच उरल्या, उजेड आणि 120 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 120 चित्रं दाखवणारं पॅनेल. पंचवीस हजारांच्या आतल्या टीव्हीवर एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त दाखवण्याची सोय, छापलेलं असतं, पण पडद्याला तेवढा उजेड नसतो, त्यामुळे दुपारसाठी ती पायरी बाद. साठ हजारांच्या पुढे 120 हर्ट्झ मिळत होतं, पण घरात गेमचा कन्सोलच नव्हता आणि गरज चौथी. सोफा भिंतीपासून सात फुटांवर. कर्णाच्या दीडपट अंतर धरलं तर 55 इंच पुरे. असा आकडा पन्नास हजारांवर थांबला: टीव्ही 42, साउंडबार 6, ब्रॅकेट आणि स्टॅबिलायझर 2.

दुकानदाराने 65 इंची, भडक रंगांवर लावलेला दाखवलाच. आम्ही कागद पुढे केला.

आता अनुभव. मे महिन्यात दुपारी अर्धा पडदा ओढला की दिवाणावरून चेहरे स्वच्छ दिसतात. मालिकेतले रात्रीचे प्रसंग मात्र भर दुपारी कळत नाहीत, या किमतीत ते होणारही नाही. रात्री दिवे घालवले की काळा रंग करडा दिसतो. आयपीएस घेतलं की एवढं सोसावं लागतं, म्हणून आम्ही एक दिवा चालू ठेवतो. साउंडबार टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआय एआरसी पोर्टला जोडल्यामुळे सासूबाई एकाच रिमोटने आवाज वाढवतात. या पैशांचं आम्हाला सगळ्यात जास्त समाधान आहे.

मुलगा यंदा कन्सोल मागतोय. आला तरी तो या टीव्हीवर 60 हर्ट्झवरच चालेल, हे त्याला यादी करतानाच सांगून ठेवलं होतं.