रुग्णालय यादीत आहे, पण कशासाठी? जन आरोग्य योजनेचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे, त्यामुळे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले काम होईल याची मला खात्री होती. आठ महिन्यांपूर्वी वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि आम्ही नाशिकच्या सातपूरहून रिक्षाने सर्वांत जवळचे खासगी रुग्णालय गाठले. दारावर योजनेचा फलक होता. तरीही अँजिओग्राफीपूर्वी अनामत रक्कम मागितली गेली आणि ती आम्ही भरली. रक्तवाहिनीत अडथळा निघाला, तेव्हा स्टेंटचा खर्चही रोखीनेच द्यावा लागेल असे सांगण्यात आले.

त्या रात्री मला वाटले की रुग्णालय आम्हाला फसवत आहे, आणि पुढचे काही दिवस मी सगळ्यांना तेच सांगत होतो. आता ते मत मी मागे घेतो. कोणतेही रुग्णालय योजनेत सरसकट घेतले जात नाही, तर एकेका विशेषोपचारासाठी अंगीकृत केले जाते. ते रुग्णालय मूत्रविकार आणि अस्थिरोगांसाठी यादीत होते, हृदयरोगासाठी नव्हते. माझी तक्रार फलकाबद्दल कायम आहे, कारण त्यावर कोणते उपचार मिळतात याचा एक शब्दही नव्हता, आणि छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन आलेला मुलगा फलक पाहूनच आत शिरतो.

दुसऱ्या दिवशी हृदयरोगासाठी अंगीकृत असलेल्या रुग्णालयात गेलो. योजनेच्या रुग्णांना मदत करण्यासाठी तिथे नेमलेल्या आरोग्यमित्र ताईंनी शिधापत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवले आणि बोटाने एकेक अक्षर ताडून पाहिले. शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव होते, हे आमचे नशीब. त्यांनी अँजिओग्राफीचा अहवाल जोडून पूर्वपरवानगीसाठी प्रस्ताव पाठवला, आणि मंजुरी आल्यावर अँजिओप्लास्टी झाली. स्टेंट, औषधे, खाटेचे भाडे आणि जेवण यांपैकी कशासाठीही पैसे द्यावे लागले नाहीत. पहिल्या रुग्णालयात भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत, कारण ही योजना रोकडरहित आहे आणि खर्च करून नंतर बिल मागण्याची सोय तिच्यात नाही.

म्हणून रुग्ण हलवण्याइतका वेळ असेल, तर hospitals.pmjay.gov.in वर जिल्हा नाशिक निवडून थांबू नका, विशेषोपचाराचा रकानाही भरा. त्यानंतर योजनेच्या 155388 या मदत क्रमांकावर किंवा थेट त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना आजाराचे नाव सांगून विचारा. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात, तेही तिथेच कळते. वर्षाचे पाच लाखांचे संरक्षण संपूर्ण कुटुंबाचे मिळून असते, त्यामुळे आईच्या मोतीबिंदूची चौकशी करताना मी वडिलांच्या उपचारानंतर शिल्लक किती राहिली हेही विचारून घेतले. अनामत रकमेची ती पावती मी अजून शिधापत्रिकेच्या पिशवीतच ठेवली आहे.