‘कुट्टू असाच कडवट लागतो’ म्हणाला, आणि मी मान डोलावली

480 रुपये. शिंगाड्याचं पीठ दोन किलो, 140 रुपयांप्रमाणे 280, आणि कुट्टूचं पीठ एक किलो 200. रोख दिले, पावती मागितली नाही. पुढे रिक्षा 400, दवाखाना 6,350, औषधं 1,180. एकूण 8,410 रुपये, आणि सासूबाई मरता मरता वाचल्या, त्याचा हिशेब वेगळाच.

आमच्याकडे कोकणात कुट्टू, ते उत्तरेकडचं उपासाचं धान्य, कोण खातं हो? उपास म्हटला की वरीचे तांदूळ, साबुदाणा, रताळी, फार तर शिंगाड्याचा शिरा. पण सूनबाई मूळची मेरठची. तिच्या माहेरी नवरात्रात कुट्टूच्या पुऱ्या लागतात. लग्नानंतरचं पहिलं नवरात्र, तिला घरची आठवण येऊ नये, एवढाच माझा हेतू. आठवडा बाजारात टेम्पो लावून एक माणूस ‘नवरात्र स्पेशल’ विकत होता. नेहमीच्या वाण्याकडे शिंगाडा पीठ 220 रुपये किलो, याच्याकडे 140. हसू नका. तुम्हीही थांबला असता.

पाकीट चिकटपट्टीनं बंद केलेलं, वर छापील लेबल, लेबलावर अन्न परवान्याचा क्रमांक. मला वाटलं, क्रमांक आहे म्हणजे ठीक आहे. हा क्रमांक 14 अंकी असतो. त्याच्या पाकिटावर 13 अंक होते, हे मी नंतर चार वेळा मोजलं. बाजारात कोण अंक मोजत बसतं, असं मी स्वतःला सांगते. पण आता मोजते.

खरी ठेच लागली ती घरी. पाकीट फोडलं तर जुन्या पोत्यासारखा कुबट वास आला. सूनबाईनं वास घेतला आणि हळूच म्हणाली, “आई, आमच्याकडे याला असा वास नसतो.” नवी सून, बिचारी आणखी काय बोलणार? मी तिलाच समजावलं की इकडची हवाच दमट, पीठ जरा धरतंच. शिवाय त्या माणसानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, “वहिनी, कुट्टू असाच कडवट लागतो हां.” आता विचार करा, न विचारता कुणी अशी तयारी करून देतं का? खवट मालाची तक्रार येणार हे त्याला ठाऊक होतं. ज्या घरात कुट्टू कसा असतो हे माहीतच नाही, तिथे खराब माल खपवणं सर्वांत सोपं. आणि जिला माहीत होतं, तिला मी गप्प केलं.

दुसऱ्या माळेला पुऱ्या केल्या. कुट्टूच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकडलेला बटाटा घालून मळावं लागतं. वर हिरवी मिरची, जिरं. चव झाकायला एवढं पुरतं. तरी सासूबाई म्हणाल्याच, “ह्या पीठ कडू कित्याक लागता गो?” दोन पुऱ्या खाऊन त्यांनी ताट सरकवलं. मी चार खाल्ल्या, मुलानं पाच, सूनबाईनं एकच.

दीड तासानं सासूबाई म्हणाल्या, “माका घर फिरल्यासारख्या वाटता.” पाण्याचा पेला हातात दिला तर हात थरथरून सगळं पाणी अंगावर. मग त्यांना उलट्या, मग मला, मग मुलाला. आमचे हे उपास करत नाहीत, ते वरण-भात जेवले होते, ठणठणीत. पाणी एकच, भांडी तीच. फरक फक्त पुऱ्यांचा.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. त्यांच्या मते बुरशीचं विष असणार, कारण नुसत्या खवट पिठानं पोट बिघडेल, हात असे कापणार नाहीत. तोंडाला कोरड आहे का, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का, हेही त्यांनी पाहिलं. कुट्टूच्या शेतात धोतरा उगवतो आणि त्याचं बी दाण्यात मिसळलं तर तशी लक्षणं दिसतात, म्हणे. आमच्यात ती नव्हती. मी विचारलं, पण तळल्यावर विष जळत नाही का? नाही. बुरशी मरेल, पण तिनं पिठात सोडलेलं विष तळणीच्या उष्णतेतही बरंचसं टिकतं. म्हणजे पीठ चाळा, उन्हात घाला, भाजा, गुठळ्या आणि वास जातील, विष राहील. त्या माणसानं तर तेवढीही तसदी घेतली नव्हती.

कारण घरी आल्यावर मुलानं लेबल नखानं उचकटलं. खाली दुसरं लेबल. पॅकिंग मागच्या वर्षीच्या सप्टेंबरचं, तीन महिन्यांत वापरा असं लिहिलेलं. म्हणजे मागच्या नवरात्राचा उरलेला माल, आमच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यातून काढलेला. कुट्टूत तेलाचा अंश असतो, दळला की तो लवकर खवट होतो. शिंगाडा बहुतेक सगळा पिष्ट, तो तसा खवटत नाही, पण ओल मात्र धरतो. आमच्या शिंगाड्याच्या पाकिटात कोपऱ्याला गुठळ्या होत्या आणि किड्यांची बारीक जाळी. पाकीट उजेडासमोर धरलं असतं तर दिसलं असतं. मी धरलं नाही.

आता कार्यालयांची कथा. पहिल्या दिवशी अन्न-औषध प्रशासनाच्या कार्यालयानं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी, “साहेब दौऱ्यावर.” तिसऱ्या दिवशी पावती मागितली. नाही म्हटल्यावर, “मग त्याच्याकडून घेतलं हे कशावरून?” पाकीट घेऊन मी स्वतः गेले, तर फोडलेल्या पाकिटाचा नमुना चालत नाही. मला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 40 वाचून दाखवलं. ग्राहकाला फी भरून पदार्थ तपासून घेता येतो, पण तसा इरादा खरेदी करतानाच विक्रेत्याला कळवायचा! म्हणजे मी टेम्पोसमोर उभं राहून सांगायला हवं होतं की भाऊ, हे मी खाणार नाही, तपासणार आहे. दवाखान्याच्या कागदावर नुसतं ‘उलट्या, जुलाब’. जुलाब झालेच नव्हते! विषबाधा शब्द घाला म्हटलं, तर तपासणीशिवाय लिहिता येत नाही. तपासणी करा म्हटलं, तर कागदावर विषबाधा नाही. पोलीस म्हणाले, पोट बिघडल्याची तक्रार लिहायची का? नवव्या दिवशी कोणीतरी बाजारात चक्कर मारली. दसरा होऊन गेलेला, टेम्पो कुठला आणि माणूस कुठला.

पावती घ्या, दहा रुपयांची असली तरी. दोन लेबलं एकावर एक असतील तर तिथेच उचकटा. पीठ घेऊच नका खरं तर. सुके शिंगाडे आणि कुट्टूचे तिकोनी दाणे मिळतात, शिंगाडे खलबत्त्यात फोडून मिक्सरला लावा, लागेल तेवढंच, पाव किलो. दाण्यांत काळं चपटं बी दिसलं तर निवडून टाका. उरलेलं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, आणि डबा बाहेर काढला की लगेच उघडू नका, आमच्या हवेत थंड पिठावर लगेच दव धरतं. मळलेली कणीक रात्रभर ठेवू नका. जिभेला कडू लागलं की थुंका, देव रागावत नाही.

शिंगाड्याचं दुसरं पाकीट अजून सीलबंद आहे. “ठेवून द्या, गरज लागली तर फोन करू,” असं कार्यालयातून सांगितलंय. फ्रीजरमध्ये दुहेरी पिशवीत बांधून वर लाल अक्षरात ‘विष’ लिहिलंय. सुरमई ठेवायला जागा नाही म्हणून हे रोज कुरकुरतात. फोन अजून आलेला नाही.