एलझेड७८ की एलझेडडब्ल्यू: नऊ पिक्सेलवर पडताळणी

एलझेड७८ आणि एलझेडडब्ल्यू या माहिती कमी जागेत साठवण्याच्या दोन पद्धती. हाताने सोडवायला कोणती घ्यावी, असा प्रश्न पडत असेल तर दोन्ही एकाच ओळीवर चालवून पाहा: पपपकपपपकप (प पांढरा, क काळा).

एलझेड७८ (1978) चा कोश, म्हणजे आधी दिसलेल्या तुकड्यांची यादी, सुरुवातीला रिकामा असतो. प्रत्येक जोडीत आधीच्या नोंदीचा क्रमांक, नोंद नसेल तर 0, आणि पुढचा पिक्सेल येतो: (0,प) (1,प) (0,क) (2,प) (3,प). कोशात क्रमाने प, पप, क, पपप, कप जमतात.

एलझेडडब्ल्यू (1984) मध्ये 0=प, 1=क आधीच असतात. क्रमांक निघतात 0 2 1 2 0 4; वाढतात 2=पप, 3=पपक, 4=कप, 5=पपप, 6=पक.

खर्च पाहा. 3 बिटांचा क्रमांक आणि 1 बिटाचा पिक्सेल धरला तर पहिलीला 20 बिट, दुसरीला 18. मूळ ओळ फक्त 9 बिटांची! एवढ्या छोट्या ओळीत कोश वाढण्याआधीच माल संपतो.

चूक बहुधा एलझेडडब्ल्यू उलगडताना होते. दुसराच क्रमांक 2 येतो, पण ती नोंद उलगडणाऱ्याकडे अजून नसते. तेव्हा मागचा तुकडा घ्यायचा आणि त्याचाच पहिला पिक्सेल शेवटी जोडायचा: प + प = पप. एलझेड७८ मध्ये हा पेच येत नाही.

रंगसंच आधी ठरलेला असेल तर एलझेडडब्ल्यू घ्या. जीआयएफ तेच वापरते. चिन्हे आधी माहीत नसतील किंवा नुकते शिकत असाल, तर एलझेड७८ बरी.