काय-स्क्वेअर की फिशर? बावीस प्लॉटचा एक तक्ता, दोन निकाल

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी या रोगाची धास्ती सुरू होते. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकलं तर डावणी कमी येते का, असा प्रकल्प नाशिकच्या एखाद्या कृषी पदवीच्या विद्यार्थ्याने घेतला आहे असं समजू. तो वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे २२ प्लॉट पाहतो आणि प्रत्येकाची नोंद दोनच प्रश्नांवर करतो: आच्छादन होतं की नव्हतं, डावणी आली की नाही. आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत.

| | डावणी आली | आली नाही | एकूण |
|---|---|---|---|
| आच्छादन | १ | ९ | १० |
| उघडी बाग | ६ | ६ | १२ |
| एकूण | ७ | १५ | २२ |

आच्छादनाखाली १० टक्के, उघड्यावर ५० टक्के. फरक डोळ्यांना दिसतो. प्रश्न एवढाच की आच्छादनाचा काही संबंध नसता तरी २२ प्लॉटमध्ये असा फरक योगायोगाने पडला असता का. याचं उत्तर काय-स्क्वेअरने काढायचं की फिशरच्या एक्झॅक्ट टेस्टने, हे आकडे हातात यायच्या आधी ठरलेलं बरं, कारण या तक्त्यावर दोघींचा निकाल वेगळा लागतो.

काय-स्क्वेअरची सुरुवात अपेक्षित संख्येपासून होते. संबंध नसेल तर ७ रोगट प्लॉट दोन्ही गटांत त्यांच्या आकाराच्या प्रमाणात वाटले जायला हवेत. म्हणून आच्छादन आणि डावणी या चौकटीची अपेक्षित संख्या म्हणजे ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण: १० × ७ ÷ २२ = ३.१८. बाकीच्या तीन चौकटी वजाबाकीने मिळतात: ६.८२, ३.८२ आणि ८.१८. आता प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, अपेक्षित संख्येने भागायचा आणि चारही उत्तरं मिळवायची. इथे बेरीज ४.०२ येते.

हा आकडा मोठा की लहान हे डिग्रीज ऑफ फ्रीडमवर ठरतं आणि गोंधळ बहुतेकदा इथेच होतो. कुणी २२ मधून १ वजा करतं, कुणी चार चौकटींतून १. बरोबर उत्तर १ आहे, आणि त्याचं कारण आपण वर केलेल्या वजाबाकीतच आहे: कडेच्या बेरजा पक्क्या धरल्या की एक चौकट भरल्याबरोबर उरलेल्या तिन्ही आपोआप भरतात. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली ही कसोटी मांडली. अशा तक्त्यासाठी ते ३ धरत होते. १ हवं हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ साली दाखवलं. फरक किरकोळ नाही. ५ टक्के पातळीला १ डिग्रीसाठी सीमा ३.८४ आहे, ३ साठी ७.८१. आपला ४.०२ एका सीमेच्या पलीकडे जातो, दुसरीच्या अलीकडे राहतो. १ डिग्रीने पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता, ०.०४५ येते. ती ०.०५ च्या खाली आहे, म्हणून निकाल ‘संबंध आहे’.

आता फिशरची टेस्ट. तिला कुठल्याही वक्राचा आधार लागत नाही. कडेच्या बेरजा याच ठेवल्या तर आच्छादनाखालच्या रोगट प्लॉटची संख्या ० ते ७ यांपैकी काहीही असू शकते, म्हणजे एकूण आठच तक्ते संभवतात. २२ प्लॉटमधून ७ रोगट निवडण्याच्या १,७०,५४४ रीती आहेत. त्यांतल्या ९,२४० रीतींनी आपला तक्ता मिळतो, म्हणजे त्याची संभाव्यता ०.०५४. याच्याइतके किंवा याहून दुर्मीळ तक्ते म्हणजे ०, १, ६ आणि ७ रोगट असलेले. त्यांच्या संभाव्यतांची बेरीज ०.०७४. निकाल ‘पुरेसा पुरावा नाही’.

मग खरं कोण? माझ्या मते निवडीचा सगळा मुद्दा या आठ तक्त्यांत आहे. काय-स्क्वेअर सलग वक्र वापरते, पण प्रत्यक्षात आठच पायऱ्या आहेत. संबंध नसताना ‘आहे’ म्हणण्याची चूक १०० त ५ वेळाच होईल असा तिचा वायदा असतो. या बेरजांवर ती ०, १, ६ आणि ७ या चारही तक्त्यांना ‘संबंध आहे’ म्हणते, त्यामुळे तिची खरी चूक ७.४ टक्के होते. फिशर फक्त ०, ६ आणि ७ ला होकार देते. तिची चूक २ टक्क्यांवरच थांबते. एक वायदा मोडते, दुसरी गरजेपेक्षा कडक राहते आणि त्यामुळे खरा संबंधही तिच्या हातून निसटू शकतो. शेतकऱ्याला आच्छादनाचा मोठा खर्च सुचवायचा असेल, तर मी कडक टेस्टच्या बाजूने उभा राहीन.

म्हणून नियम असा वापरा: चारही अपेक्षित संख्या ५ किंवा अधिक असतील तर काय-स्क्वेअर, एखादी जरी ५ च्या खाली असेल तर फिशर. आपल्या तक्त्यात ३.१८ आणि ३.८२ अशा दोन आहेत, तेव्हा फिशर. पाहायची ती अपेक्षित संख्या, प्रत्यक्ष नव्हे. समजा ४०-४० प्लॉटचे दोन गट आहेत, एकात डावणी ०, दुसऱ्यात १२. शून्य पाहून दचकायचं कारण नाही. अपेक्षित संख्या ६-६ आहे आणि काय-स्क्वेअर चालते. प्लॉट वाढले की वादही मिटतो: वरचा तक्ता पाचपट केला, म्हणजे ११० प्लॉट, तर दोघी एकमुखाने ‘संबंध आहे’ म्हणतात.

संगणकावर एक खाच आहे. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हे असं होतं:

```
t <- matrix(c(1,9,6,6), nrow=2, byrow=TRUE)
chisq.test(t)$expected
chisq.test(t, correct=FALSE)
fisher.test(t)
```

`correct=FALSE` लिहिलं नाही तर दोन-बाय-दोन तक्त्यावर आर येट्सची दुरुस्ती आपणहून लावतं आणि ४.०२ ऐवजी २.३९, पी-व्हॅल्यू ०.१२ दाखवतं. हाताने केलेलं गणित जुळत नाही म्हणून पुन्हापुन्हा बेरजा तपासत बसण्याआधी हे पाहा. या तक्त्यावर ही दुरुस्ती फिशरहूनही जास्त सावध ठरते. फिशर एका ओळीत मिळत असताना मला तिची गरज वाटत नाही. अपेक्षित संख्या लहान असेल तर `Chi-squared approximation may be incorrect` असा इशाराही येतो. तो दिसला की तक्ता फिशरकडे न्यायचा.

दोन चुकांतून मात्र यांतली कुठलीच टेस्ट वाचवत नाही. पहिली, तक्त्यात टक्केवारी भरणं; १० टक्के आणि ५० टक्के लिहिले की २२ प्लॉटचे गुपचूप २०० होतात. दुसरी जास्त फसवी: एकाच बागेतल्या दहा ओळी दहा प्लॉट म्हणून मोजणं. त्या ओळींना फवारणी एकाच हाताची, माती आणि ओलावा एकच, आणि डावणी एका ओळीवरून दुसरीवर जाते. फिशर नावात ‘एक्झॅक्ट’ असली तरी ती प्रत्येक नोंद स्वतंत्र धरूनच रीती मोजते. तेच प्लॉट आच्छादनाआधीच्या आणि नंतरच्या हंगामात पाहिले असतील तर नोंदी जोडीच्या होतात. तिथे मॅकनेमारची कसोटी लावायची.