ब्लोअरखालचे स्प्रिंग आयसोलेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कारखान्यात पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर धूळ ओढणारा ब्लोअर आहे. पंखा थेट मोटरच्या शाफ्टवर, वेग १४४० आरपीएम, बेससकट वजन ६०० किलो. आधी तो रबरी पॅडवर होता आणि वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. वीज वाचवायला मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी बसवला आणि रात्रपाळीत वेग कमी करायला लागलो, तेव्हा खालच्या ऑफिसातली तावदानं वाजू लागली. पूर्ण वेगात सगळं शांत, हळू चालवलं की हादरे! आधी सगळ्यांचा संशय व्हीएफडीवरच गेला.

खरं कारण पॅडमध्ये होतं. मशीन बंद ठेवून बेसला लाकडी हातोड्याचा ठोका दिला आणि मोबाइलच्या व्हायब्रेशन ॲपमध्ये पाहिलं, तर पॅडवरच्या मशीनची उभ्या दिशेतली नैसर्गिक वारंवारता ११.१ हर्ट्झच्या आसपास निघाली. रात्री व्हीएफडीच्या स्क्रीनवर २३ हर्ट्झ असायचे. तो आकडा विजेचा. ४ पोलच्या मोटरचा शाफ्ट तेव्हा सेकंदाला साधारण ११.१ फेरे घेतो. म्हणजे आम्ही रोज रात्री मशीन नेमकं अनुनादावर नेऊन तासन् तास तिथेच ठेवत होतो.

पंखा साफ करताना पात्यांवरची धूळ एका बाजूला जास्त चिकटलेली दिसली. असंतुलन धरलं ५० ग्रॅम, मध्यापासून ३० सेंमीवर. पूर्ण वेगात त्याचं फिरतं बल सुमारे ३४० न्यूटन होतं. ११.१ हर्ट्झला ते ७३ वर येतं, कारण हे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. पण स्लॅबला किती पोचतं हे ठरतं चालता वेग आणि नैसर्गिक वारंवारता यांच्या गुणोत्तरावर. पूर्ण वेगात गुणोत्तर २.१६, त्यामुळे जेमतेम २८ टक्के, म्हणजे ९५ न्यूटन खाली जायचे. गुणोत्तर १ झालं की अडवायला फक्त डॅम्पिंग, म्हणजे पॅडची कंपन जिरवण्याची ताकद, उरतं. ते ५ टक्के धरलं तर बल दहापट होऊन उतरतं: ७३ चे ७३०. मूळ बल पाचाव्या हिश्श्यावर आलं, तरी स्लॅबवरचा मार जवळपास आठपट झाला.

मग पॅड काढून सहा स्प्रिंग आयसोलेटर घेतले आणि ब्लोअरखाली १२०० किलोचा काँक्रीट ब्लॉक ओतला. एकूण १८०० किलोखाली स्प्रिंग २५ मिमी दबतात. स्प्रिंगच्या बाबतीत दबलेल्या मिलिमीटरवरूनच वारंवारता कळते:

```
f = 15.76 / √δ
15.76 / √25 = 3.15 Hz
```

(हे सूत्र रबराला सरळ लावू नका. कंपनात रबर स्थिर भारापेक्षा कडक वागतं, त्याला ठोक्याची चाचणीच बरी.)

आता रात्रीच्या वेगालाही गुणोत्तर साडेतीनच्या वर राहतं. तितक्याच असंतुलनाला स्लॅबवर हिशेबाने सुमारे ६ न्यूटन जातात, आणि गंमत म्हणजे पूर्ण वेगातही तेवढेच. बल वेगाच्या वर्गाने वाढतं आणि पोचणारा हिस्सा जवळपास त्याच प्रमाणात घटतो. ऑफिसातली तावदानं तेव्हापासून वाजलेली नाहीत.

ब्लॉक कशाला, नुसते स्प्रिंग पुरले असते, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. स्प्रिंग स्लॅबला वाचवतात, मशीनला नाही. अनुनादाच्या बऱ्याच वर मशीनचं स्वतःचं हलणं असंतुलन भागिले एकूण वस्तुमान, एवढ्यावर येऊन थांबतं. वजन तिप्पट केलं म्हणून ते तिसऱ्या हिश्श्यावर आलं.

त्रास दोन ठिकाणी झाला. चालू-बंद करताना ३.१५ हर्ट्झ, म्हणजे १९० आरपीएमच्या आसपास, ब्लॉक डुलतो. चालू होताना ते क्षणात जातं. मोटर मोकळी सोडून थांबवली तर मात्र पंखा त्या वेगात रेंगाळतो. व्हीएफडीने ठरावीक वेळेत थांबवायला लागलो तेव्हा डुलणं नगण्य झालं. डक्टला कॅनव्हासचा जोड आणि केबलला सैल वळण हवंच, नाहीतर ब्लॉक त्यांनाच ओढतो.

दुसरा त्रास चोरटा होता. काही आठवड्यांनी एका कोपऱ्याकडून पुन्हा घरघर आली. ब्लॉकखालून पातळ पट्टी सरकवत नेली तर एका जागी अडली. कंत्राटदाराच्या माणसांनी तिथे मसाल्याचा गोळा तसाच सोडला होता आणि ब्लॉक त्यावर टेकला होता. स्प्रिंगला बगल देऊन कंपन थेट स्लॅबमध्ये! छिन्नीने तो काढला आणि आवाज गेला. आता दर महिन्याला पट्टी फिरवतो आणि सहाही स्प्रिंगची उंची मोजतो. एखादी कमी भरली की ब्लॉक तिरका व्हायला लागलाय असं समजायचं.

शेजारच्या शेडमधल्या ३०० आरपीएमच्या पिस्टन कॉम्प्रेसरसाठीही हेच स्प्रिंग मागवायचं चाललं होतं. मी नको म्हटलं. तिथे चालता वेग ५ हर्ट्झ, गुणोत्तर १.६, म्हणजे दोन-तृतीयांश बल तसंही खाली जाणार, आणि तोल ढळून ब्लॉक आडवा डोलण्याचा धोका वेगळाच. माझा हिशेब फक्त उभ्या हालचालीचा आहे. त्याला जमिनीतला जड पायाच हवा, ज्याची वारंवारता ५ आणि त्याच्या दुपटीच्या, म्हणजे १० हर्ट्झच्याही बरीच वर असेल, कारण पिस्टनचं बल दुप्पट वारंवारतेलाही येतं.